खडू न उचलता : छायाचित्रातील आलेखाची परीक्षा

फळ्यावर काही ठिपके आहेत, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा आहेत, आणि खाली एक प्रश्न लिहिलेला आहे : खडू न उचलता आणि कोणतीही रेघ दुसऱ्यांदा न गिरवता ही संपूर्ण आकृती काढता येईल काय? सुटीत घरी गेलेले विद्यार्थी अशा फळ्याचे छायाचित्र सोबत नेतात, पालक ते न्याहाळतात, आणि शिक्षण संपवून गेलेले आमचे जुने विद्यार्थीदेखील कुठल्याशा कोड्याचे छायाचित्र पाठवून ‘याला मार्ग आहे का?’ असे विचारतात. प्रश्न गणिताचा असला तरी हातात असते ते छायाचित्र, आणि छायाचित्र वाचणे हे गणितापूर्वीचे काम असते. नियम बहुतेकांना आठवतो. चूक होते ती चित्र वाचताना. म्हणून या लेखात आम्ही नियमाचे कारण थोडक्यात सांगून, छायाचित्रातील कोणत्या गोष्टीने उत्तर पालटते आणि कोणत्या गोष्टीने पालटत नाही, याचा विचार मुख्यतः करणार आहोत.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. शाळेत ‘आलेख’ म्हटले की चौकटीच्या कागदावरील क्ष-अक्ष आणि य-अक्ष डोळ्यांपुढे येतात. येथील आलेख निराळा आहे. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, एवढाच त्याचा संसार. ठिपक्याला आपण शिरोबिंदू म्हणू. रेघेला रेघच म्हणू. रेघ सरळ आहे की वाकडी, लांब आहे की आखूड, यास येथे काहीही महत्त्व नाही. ती कोणत्या दोन शिरोबिंदूंना जोडते, एवढेच महत्त्वाचे. एखाद्या शिरोबिंदूला रेघांची जितकी टोके येऊन मिळतात, तितकी त्या शिरोबिंदूची कोटी. येथे कोटी म्हणजे शंभर लाख नव्हे. बहुपदीच्या कोटीसारखा हा एक पारिभाषिक शब्द आहे.

आता नियम. खडू एखाद्या शिरोबिंदूपाशी एका रेघेने येतो आणि दुसऱ्या रेघेने जातो. प्रत्येक भेटीत दोन टोके खर्ची पडतात. म्हणून जेथे खडू केवळ येऊन जातो, सुरुवातही करीत नाही आणि थांबतही नाही, तेथील टोकांची संख्या सम असलीच पाहिजे. विषम कोटी असलेल्या शिरोबिंदूवर एक टोक जोडीवाचून उरते. तेथून एकतर सुरुवात तरी झालेली असते किंवा तेथे शेवट तरी. सुरुवात एक आणि शेवट एक. तेव्हा विषम शिरोबिंदू दोनांहून अधिक असतील, तर मार्ग नाही. एकही विषम नसेल, तर जेथून निघाले तेथेच परत येणारा मार्ग आहे. नेमके दोन असतील, तर एकापासून निघून दुसऱ्यापाशी संपणारा मार्ग आहे. या शेवटच्या दोन विधानांना एक अट आहे : साऱ्या रेघा एकमेकींशी जोडलेल्या हव्यात, आकृतीचे दोन सुटे तुकडे असता कामा नयेत.

हा विचार प्रथम मांडला लिओनार्ड ऑयलर याने. प्रशियातील कोनिग्झबर्ग शहरात प्रेगेल नदीने जमिनीचे चार भाग केले होते आणि त्यांना सात पूल जोडीत होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरून येता येईल काय, असा तो प्रश्न. ऑयलरने आपला निबंध २६ ऑगस्ट १७३५ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे ठेवला. चार भागांपैकी एकाला पाच पूल लागत होते आणि उरलेल्या तिघांना प्रत्येकी तीन. चारही विषम, म्हणून मार्ग नाही. आम्हाला या निबंधातील एक बाब विशेष वाटते. त्यात ठिपके आणि रेघा नाहीतच. तेथे आहे शहराचा नकाशा, आणि ऑयलरने नकाशावरून पूल मोजले आहेत. म्हणजे त्यालाही चित्र वाचावेच लागले. पुरेशा अटी पाळल्या तर मार्ग खरोखर असतोच, याची पूर्ण सिद्धता मात्र त्या निबंधात नाही. ती कार्ल हीरहोल्त्सर या तरुण जर्मन गणितज्ञाच्या नावे, त्याच्या मृत्यूनंतर, १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा उपयोग आपण पुढे प्रत्यक्ष मार्ग काढताना करणार आहोत.

आता छायाचित्राकडे वळू. छायाचित्र तिरपे घेतलेले असेल, चौरस समलंबासारखा दिसत असेल, जवळच्या रेघा मोठ्या आणि दूरच्या लहान दिसत असतील, तर त्याची चिंता नको. कोटी त्यामुळे बदलत नाही. रेघ मध्येच वाकलेली असेल आणि त्या वाकणावर ठिपका आहे की नाही हे ओळखू येत नसेल, तरीही चिंता नको. तो शिरोबिंदू मानला तर त्याची कोटी दोन, म्हणजे सम, आणि विषमांच्या यादीत काहीच भर पडत नाही.

याहून आश्चर्याची गोष्ट दोन रेघांच्या छेदाची आहे. मुले सर्वांत अधिक अडतात ती येथेच. चौकोनाचे दोन कर्ण मध्यभागी एकमेकांना छेदतात. तो छेद शिरोबिंदू समजावा की नाही? ठिपका काढला आहे की खडूची भुकटी साचली आहे, हे छायाचित्रात कळत नाही. यावर आमचे उत्तर असे, की सम-विषमाच्या हिशेबापुरता कोणताही पक्ष घ्या. शिरोबिंदू मानला तर तेथे चार टोके येतात, चार ही सम संख्या आहे, आणि कोपऱ्यांच्या कोटीत काहीही फरक पडत नाही. शिरोबिंदू न मानला, तर मुळातच हिशेबात नाही. विषम शिरोबिंदूंची यादी दोन्ही वेळा तीच राहते.

फरक पडतो तो जोडणीत. एकमेकांत गुंतवलेले दोन त्रिकोण घ्या, ज्यांच्यापासून सहा टोकांची चांदणी तयार होते. छेद हे शिरोबिंदू असतील, तर आकृती अखंड आहे, सर्व कोटी सम आहेत, आणि खडू न उचलता ती काढता येते. पण छेद शिरोबिंदू नसतील, म्हणजे एक त्रिकोण दुसऱ्यावर नुसता ठेवलेला असेल आणि एका रेघेवरून दुसरीवर वळण्याची मुभा नसेल, तर ते दोन सुटे त्रिकोण आहेत, आणि एका मार्गात दोन्ही गिरवणे अशक्य आहे. म्हणून छेदाविषयी शंका आली, की प्रश्न एवढाच विचारावा : हा छेद काढून टाकला, तर आकृती तुटते काय? तुटत नसेल, तर शंका सोडून द्यावी.

तिबेटी परंपरेतील अष्टमंगल चिन्हांत जी अंतहीन गाठ असते, तिच्या चित्रात अशा छेदांची एक वेगळीच गंमत आहे. तेथे खालून जाणारी पट्टी वरच्या पट्टीपाशी तुटलेली दाखवतात. छायाचित्रात पाहणाऱ्याला ती रेघेची टोके वाटतात आणि तो त्यांना एक-एक कोटीचे शिरोबिंदू समजून मोजू लागतो. ती टोके नव्हेत. रेघ वरच्या पट्टीखालून पलीकडे निघते. पुढे चालत राहिले की सारी गाठ ही एकच मिटलेली रेघ असल्याचे दिसून येते.

छेद निरुपद्रवी खरा, परंतु त्याच्यासारखा दिसणारा एक प्रकार मात्र घातक आहे. एक रेघ दुसऱ्या रेघेच्या मध्यावर येऊन तेथेच थांबते, तेव्हा त्या ठिकाणी तीन टोके मिळतात. हा विषम शिरोबिंदू झाला. घाईत काढलेल्या आकृतीत कधी कधी असेही होते, की रेघ डावीकडून येऊन मधल्या रेघेला एका जागी मिळते आणि उजवीकडे किंचित खाली सरकून पुन्हा सुरू होते. हा एक छेद की दोन वेगळे मिलाप? छेद असेल तर विषम एकही नाही. दोन मिलाप असतील तर विषम शिरोबिंदू दोनने वाढतात. छायाचित्र मोठे करून पाहण्याचे खरे ठिकाण हे आहे. छेदांवर वेळ घालवण्यापेक्षा मिलापांवर घालवावा.

चित्र वाचताना झालेली चूक ओळखण्याचे एक साधन आकृतीतच दडलेले असते. प्रत्येक रेघेला दोन टोके असतात. म्हणून सर्व कोटींची बेरीज ही रेघांच्या संख्येच्या दुप्पट, अर्थात सम, असते. त्यावरून विषम शिरोबिंदूंची संख्या नेहमी समच येते : शून्य, दोन, चार, सहा. एक किंवा तीन विषम शिरोबिंदू असलेला आलेख जगात कोठेही नाही. तुमच्या मोजणीत तीन विषम आले, तर तुम्ही चित्र चुकीचे वाचले आहे, हे नक्की.

या साधनाला धार येण्यासाठी मात्र मोजण्याची रीत योग्य हवी. आधी रेघांची यादी करायची आणि त्या यादीवरून कोटी काढायची, अशी अनेकांची सवय असते. त्या रीतीत प्रत्येक रेघ दोन्ही टोकांना आपोआप मोजली जाते, आणि बेरीज कधीच विषम येत नाही. पाच रेघा सुटल्या तरी ती सम येते. परीक्षा तेथे निकामी होते. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना उलट सांगतो. एका शिरोबिंदूवर बोट ठेवा, दुसऱ्या हाताने बाकीचे चित्र झाका, आणि त्या बोटाभोवती किती टोके येतात एवढेच मोजा. मग पुढच्या शिरोबिंदूकडे जा. एखादी रेघ त्याच शिरोबिंदूपासून निघून वळसा घेऊन तेथेच परत येत असेल, तर तिची टोके दोन मोजा. सर्व शिरोबिंदू झाल्यावर, स्वतंत्रपणे, रेघा मोजा. दोन्ही हिशेब जुळले, तरच पुढे जा.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. फळ्यावर एक घर काढले आहे. घराच्या भिंतीचा चौकोन : वर डावीकडे क, वर उजवीकडे ख, खाली उजवीकडे ग, खाली डावीकडे घ. चौकोनाचे दोन्ही कर्ण काढलेले आहेत. चौकोनाच्या वर छपराचे टोक च, आणि ते क व ख यांना जोडलेले आहे. येथपर्यंतची आकृती लिफाफ्याचे कोडे म्हणून अनेकांनी लहानपणी सोडवलेली असेल. आमच्या आकृतीत तिला दोन जोड दिले आहेत. उजवीकडे छ हा शिरोबिंदू असून तो ख आणि ग यांना जोडलेला आहे. खाली ज आहे आणि तो ग व घ यांना जोडलेला आहे. आणि छ ते ज अशी एक तिरपी रेघ आहे. ग ते छ या सरळ रेघेच्या जोडीला एक कमानही ग पासून निघालेली दिसते. छायाचित्र मात्र फ्लॅश लावून काढलेले असल्यामुळे छ च्या सभोवती फळ्यावर पांढरा झगमगाट पसरला आहे.

बोट ठेवून मोजू. क पाशी ख, घ, ग आणि च यांच्याकडे जाणाऱ्या रेघा : चार. ख पाशी क, ग, घ, च, छ : पाच. ग पाशी ख, घ, क, ज, छ कडे जाणारी सरळ रेघ आणि ती कमान : सहा. घ पाशी ग, क, ख, ज : चार. च पाशी दोन. छ पाशी ख कडून एक, ग कडून एक, ज कडे एक : तीन. ज पाशी ग, घ, छ : तीन. कर्णांचा छेद आपण सोडून दिला आहे. आकृती त्याच्यावाचूनही अखंड आहे.

विषम कोणते? ख, छ आणि ज. तीन! बेरीज चार, पाच, सहा, चार, दोन, तीन, तीन, म्हणजे सत्तावीस. हे होऊच शकत नाही. कोठेतरी एक टोक जास्त धरले आहे किंवा एक सुटले आहे. संशय अर्थातच कमानीवर येतो, कारण तिचे एक टोक ग पाशी मोजले गेले आणि दुसरे कोठेच मोजले गेले नाही.

येथे घाई करणारा विद्यार्थी ‘म्हणजे छ ची कोटी चार असणार’ असे म्हणून मोकळा होतो. पण सावध राहावे लागते. चूक आहे एवढे परीक्षेने सांगितले. चूक कोणती, ते सांगितलेले नाही. तीन शक्यता आहेत. पहिली, कमान झगमगाटातून छ पर्यंत पोचते. मग छ ची कोटी चार, विषम फक्त ख आणि ज, आणि मार्ग आहे. दुसरी, ती कमान नसून फळ्यावरचा जुना ओरखडा किंवा नीट न पुसलेली रेघ आहे, मग ग ची कोटी पाच, विषम चार : ख, ग, छ, ज, मार्ग नाही. तिसरी, कमान खरी आहे, पण छ पर्यंत न पोचता मध्येच संपते, मग तिच्या मोकळ्या टोकाशी एक कोटीचा नवा शिरोबिंदू मानावा लागतो, आणि विषम पुन्हा चार होतात : ख, छ, ज आणि ते टोक, मार्ग नाही. तिन्ही वाचनांत हिशेब जुळतो. उत्तर मात्र एकात होकारार्थी आणि दोहोंत नकारार्थी येते. तेव्हा तर्काने पुढे सरकण्याची सोय नाही. डोळ्यांनीच पाहावे लागते. फ्लॅश बंद करून बाजूने दुसरे छायाचित्र घ्यावे. तेही शक्य नसेल, तर उपलब्ध छायाचित्राचा उजेड कमी करून पाहावा. झगमगाटात खडूची रेघ पुष्कळदा अंधूक का होईना शिल्लक असते. जुनी पुसलेली रेघ आणि ताजी रेघ यांतला भेद रेघेच्या कडेवरून कळतो. डस्टर फिरलेली रेघ पसरट आणि धुरकट असते, तिच्या कडा स्पष्ट नसतात.

आपल्या उदाहरणात दुसऱ्या छायाचित्रात कमान स्पष्टपणे छ पाशी टेकलेली दिसते, असे धरू. आता बेरीज अठ्ठावीस, आणि स्वतंत्रपणे मोजलेल्या रेघा चौदा : चौकोनाच्या चार, कर्ण दोन, छपराच्या दोन, ख-छ एक, ग-छ दोन, ग-ज, घ-ज आणि छ-ज. हिशेब जुळला. विषम दोन : ख आणि ज. आकृती अखंड. म्हणून मार्ग आहे, आणि तो ख पासून ज पर्यंत किंवा ज पासून ख पर्यंतच जाईल. क किंवा ग पासून सुरुवात करणारा कितीही वेळा प्रयत्न करो, फसणारच.

मार्ग आहे एवढे म्हणून थांबण्याचे कारण नाही. हीरहोल्त्सरच्या रीतीने तो काढून दाखवू. आधी ख पासून ज पर्यंत कसाही एक लहान मार्ग घ्यायचा : ख, छ, ज. दोन रेघा झाल्या, बारा उरल्या. या दोन रेघा वजा केल्यावर उरलेल्या आकृतीत प्रत्येक शिरोबिंदूची कोटी सम आहे. कारण टोकांशी एक-एक आणि मध्ये दोन अशी वजाबाकी झाली. कोटी सर्वत्र सम असलेल्या आकृतीत कोठूनही निघाले, तर अडकून पडण्याची भीती फक्त निघाल्या जागीच असते. म्हणजे आपण नेहमी मिटलेला फेरा पुरा करूनच थांबतो. असे फेरे काढून ते मूळ मार्गात ओवायचे, एवढीच रीत.

ख पासून फेरा काढू : ख, च, क, ख. तीन रेघा गेल्या. या फेऱ्यावरील क पाशी अजून रेघा शिल्लक आहेत, तेव्हा तेथून फेरा : क, ग, घ, क. आणखी तीन गेल्या. छ पाशी ग कडे जाणाऱ्या दोन रेघा आहेत, एक सरळ आणि एक कमान. त्यांचा फेरा : छ, ग, छ. ज पासून : ज, घ, ख, ग, ज, चार रेघा. तीन, तीन, दोन आणि चार मिळून बारा. काही उरले नाही. आता ओवणी. जेथे क आला तेथे क चा फेरा घालायचा, जेथे छ तेथे छ चा, आणि शेवटी ज चा. पूर्ण मार्ग असा होतो :

ख, च, क, ग, घ, क, ख, छ, ग, छ, ज, घ, ख, ग, ज.

अक्षरे पंधरा, म्हणजे रेघा चौदा. वाचकांनी कागदावर बोट फिरवून पाहावे. एकही रेघ दोनदा येत नाही. दुसऱ्या वाचनाप्रमाणे कमान नसती, तर हे शक्य झाले नसते, हेही कमान झाकून पाहता येईल. मग दोन वेळा खडू टेकवावा लागतो, दोनांहून कमी वेळांत भागत नाही.

आणखी एक अडचण छायाचित्रातच उद्भवते, फळ्यावर नाही. आकृतीचा काही भाग चौकटीबाहेर राहतो. रेघा कडेपर्यंत येतात आणि तुटतात. अशा अर्ध्या चित्रावरून निर्णय देता येतो काय? याचे उत्तर एकतर्फी आहे, आणि म्हणूनच ते लक्षात ठेवण्यासारखे. जे शिरोबिंदू चित्रात पूर्ण दिसतात, ज्यांच्या सभोवतालची सारी टोके मोजता येतात, त्यांच्यातच तीन विषम आढळले, तर ‘मार्ग नाही’ असे ठामपणे सांगता येते. चौकटीबाहेर काहीही असो, हे तीन विषम राहणारच, आणि तीन ही संख्या आधीच दोनांपेक्षा मोठी आहे. उलट ‘मार्ग आहे’ असे अर्ध्या चित्रावरून कधीच म्हणता येत नाही, मग दिसणारे सगळे शिरोबिंदू सम का असेनात. बाहेर दहा विषम असू शकतील, किंवा आकृतीचा एखादा सुटा तुकडाही. नकार अर्ध्या पुराव्यावर देता येतो. होकाराला पूर्ण चित्र लागते.

शेवटी आपल्या परिचयाची एक आकृती. धम्मचक्राच्या छायाचित्राची परीक्षा अनेक मुले स्वतःहून करून पाहतात, आणि आम्हाला तो नेहमीच चांगला प्रश्न वाटला आहे. आठ आऱ्यांचे साधे चक्र घ्या : एक वर्तुळ, मध्यभागी एक बिंदू, आणि तेथून निघणाऱ्या आठ रेघा. मध्यबिंदूची कोटी आठ, सम. धावेवर प्रत्येक आरा जेथे मिळतो, तेथे तीन टोके : दोन वर्तुळाची, एक आऱ्याचे. असे आठ विषम शिरोबिंदू. मार्ग नाही. किती वेळा हात उचलावा लागेल, तेही सांगता येते. प्रत्येक अखंड ओढीला दोन टोके असतात आणि प्रत्येक विषम शिरोबिंदूवर कोणत्या तरी ओढीचे टोक यावेच लागते. म्हणून आठ विषमांना निदान चार ओढी हव्यात. चार पुरतातही : एका आऱ्याच्या धावेवरच्या टोकापासून निघून वर्तुळ पुरे करावे, त्याच टोकाशी येऊन समोरासमोरचे दोन आरे एका दमात ओढावे, आणि उरलेल्या सहा आऱ्यांच्या तीन सरळ जोड्या तीन ओढींत काढाव्यात.

परंतु छायाचित्र पुन्हा नीट पाहावे. बहुतेक चक्रांत मध्यभागी बिंदू नसून एक छोटे वर्तुळ असते, आणि आरे त्याच्या परिघापाशी थांबतात. मग आतल्या बाजूलाही आठ मिलाप झाले, प्रत्येकी तीन टोकांचे. विषम सोळा, ओढी आठ. लहान छायाचित्रात हे आतले वर्तुळ नुसता जाड ठिपका दिसते, आणि ओढींची संख्या निम्मी मोजली जाते. काही चक्रांत आरे धावेच्या बाहेर डोकावतात. तेथे धावेवरील मिलाप छेद बनतो, कोटी चार होते, आणि विषमपण त्या बाहेर आलेल्या मोकळ्या टोकाकडे सरकते. संख्या मात्र बदलत नाही.

राष्ट्रध्वजावरील अशोकचक्राला आरे चोवीस. मध्याचा ठिपका बिंदू धरला आणि आऱ्यांना नुसत्या रेघा मानले, तर विषम चोवीस, ओढी बारा. प्रत्यक्ष ध्वजावर आरे निमुळते असतात, त्यांना रुंदी असते, आणि धावेच्या आतील कडेवर दोन आऱ्यांच्या मध्ये लहान अर्धगोल असतात. त्या साऱ्या कडा रेघा म्हणून मोजायच्या ठरवल्या, तर आलेख निराळाच होतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते : एका शिरोबिंदूवर बोट, बाकीचे चित्र झाकलेले, आणि भोवतालच्या टोकांची गणना.